नागूचा फ्लेक्स आणि इंग्लंडातली दुसरी पथी

चि. गजानन यास, मु. लोधिवली, चौकच्या अलीकडे (पत्र पोस्टाने येणार नाही हे मला माहीत आहे, पण पत्ता लिहिल्याशिवाय पत्राला हात लागल्यासारखं वाटत नाही), थोरली बहीण जयवंता हिचा इंग्लंडातल्या डर्बी गावाहून पोटभर आशीर्वाद. आम्ही इकडे सगळे खुशाल. तुझी खुशाली मला फोनवर कळली, ती काही बरी नव्हती. मैनाची कंबर कशी आहे? तिला म्हणावं, ओट्यापाशी पाटावर एक पाय ठेवून भाकऱ्या थापत जा. म्हैस दूध देते ना? तुझा गुडघा शेकतोस ना? वालाच्या शेंगा लागल्या का? इकडे शेंगा मिळतात, पण त्यांना कसला वास म्हणून नाही रं, हिरवा कागद चावल्यासारखं वाटतं.

फोन सोडून पत्र का लिहिते, ते आधी सांगते. फोनवर तू ऐकत नाहीस. मी एक वाक्य बोलते, तू तीन वेळा "हां बाय, हां बाय" म्हणतोस आणि आपलंच दळण सुरू करतोस. पत्राला मध्येच तोडता येत नाही. माझी लेक हर्षला पानांचे फोटो काढून तुझ्या मोबाईलवर टाकणार आहे. ते तू बोटांनी मोठे करून वाच, आणि भिवाच्या पोराला वाचायला देऊ नकोस, तो गावभर सांगेल. चौथीतल्या गुरुजींनी मला सांगून ठेवलंय की तोंडाने "हाय-नाय" बोललं तरी लिहिताना "आहे-नाही" लिहायचं, म्हणून तसं लिहिते. मध्येच कुठे हाय आलं तर समजून घे, शाळा चौथीतच सुटली माझी, आणि त्यातलं निम्मं वर्ष तुला कडेवर घेऊन वर्गाबाहेर उभी होते.

नातू झाला तो तुला व्हिडिओत दाखवला होता, पण व्हिडिओत त्याची खरी गंमत येत नाही. अरे, लोण्याचा गोळा आहे गोळा! झोपेत हसतो. ओमकार जावई म्हणतात, ते हसणं नाही, पोटातला वारा आहे. (जावई यंत्रांच्या कारखान्यात इंजिनियर आहेत, त्यांना सगळीकडे वाराच दिसतो.) मी रोज तेल लावून त्याला न्हाऊ घालते. हर्षला म्हणते, आई, एवढं तेल इकडे कोणी लावत नाही. मी म्हटलं, म्हणूनच इकडची माणसं अशी कोरडी. सानवी आता पहिलीत जाते, दात पडलेत, आणि मला इंग्रजी शिकवते. मी "थँक्यू" म्हटलं की ती मला चुकीचं चुकीचं म्हणते. मला त्यात काय चुकतं ते अजून कळलेलं नाही. पण ती खिदळते, तेवढ्यासाठी मी दिवसातून दहादा चुकते.

आता मुद्द्याचं. परवा तू फोनवर रडलास. पन्नाशी उलटलेला बाप्या रडतो म्हणजे काहीतरी मोठंच असणार, म्हणून मी तुझा फोन ठेवला आणि नागूच्या भागूबाईला लावला. तू सांगितलंस त्यात फक्त तुझं दुःख होतं. तिने सांगितलं त्यात फ्लेक्स होता. फ्लेक्सचं तू मला सांगितलं नव्हतंस, गजा.

तुझ्या डोळ्यांपुढे घडलं ते आता माझ्या डोळ्यांनी बघ. नागू म्हणजे तुझा लंगोटीयार. भातकापणी झाली की रिकाम्या खाचरात आपल्या गावाचे क्रिकेटचे सामने होतात, आणि कर्ण्यावरून बोलतो तो नागू. चौकपासून खालापूरपर्यंत असा आवाज नाही. "आणि चेंडू गेलेला आहे उंच, उंच, उंच, थेट जयवंताबायच्या पेंढ्यात, आता बाय ओरडणार!" असं तो माझ्या नावासकट बोलायचा, आणि मी खरंच ओरडायची. त्या नागूला गणपतीच्या सुमारास अर्धांगाचा झटका आला. उजवा हात-पाय लुळा पडला आणि वाचा गेली. डॉक्टरांनी भागूबाईला सांगितलं की त्याला कळतं सगळं, डोक्यात शब्द तयार असतो, पण तोंडापर्यंत येताना वाटेत अडकतो. तू त्याला गाडीत घालून पनवेलला नेलंस, दवाखान्यात त्याच्या उशाशी बसलास, त्याची भातकापणीसुद्धा करून दिलीस. यात तुझी काही चूक नाही. हे मी मुद्दाम आधी लिहिते, नाहीतर तू पुढचं पान उघडणार नाहीस.

पण मग तुला वाटलं की आपण गावातर्फे त्याला सहानुभूती दाखवावी. तू नाक्यावरच्या जैतूकडे गेलास आणि म्हणालास, "नागूचा एक सहानुभूतीचा फ्लेक्स बनव." जैतूच्या दुकानात दोनच तऱ्हेचे फ्लेक्स तयार असतात, वाढदिवसाचा आणि दुसरा. सहानुभूती म्हटल्यावर त्याने दुसरा काढला. वर "भावपूर्ण सहानुभूती", मधे नागूचा फोटो, फोटोला झेंडूचा हार, दोन बाजूंना दोन समया, आणि खाली "शोकाकुल: गजानन मित्र मंडळ". आणि वरच्या कोपऱ्यात तुझा फोटो, काळ्या चष्म्याचा, नागूच्या दुप्पट मोठा! तो फ्लेक्स तू नागूच्याच घरासमोरच्या खांबाला बांधलास आणि त्याचा फोटो सगळ्या पाहुण्यांना मोबाईलवर पाठवलास.

दुसऱ्या दिवशी कोंडाण्याहून नागूच्या चुलत्याकडची माणसं पांढऱ्या टोप्या घालून टेंपोतून उतरली. बायांनी अंगणातूनच गळा काढला. नागू पडवीत खाटेवर बसलेला. चुलता डोळ्यांनी अधू, तो आपला नागूच्याच शेजारी टेकला आणि नागूलाच विचारतो, "शेवटी लय त्रास झाला का रं त्याला?" (हे भागूबाई सांगत होती तेव्हा हसत होती की रडत होती ते मला फोनवर कळलं नाही. मी मात्र बाळ हातात असून हसले, देव मला माफ करो.) तेवढ्यात तू शहाळं घेऊन आलास. नागूने डाव्या हाताने तांब्या भिरकावला तो तुझ्या गुडघ्याला लागला, आणि झटक्यानंतर पहिल्यांदा त्याच्या तोंडून एक पूर्ण, स्वच्छ शब्द बाहेर पडला. तो शब्द मी इथे लिहीत नाही, हर्षला फोटो काढणार आहे. तेव्हापासून त्याने तुला दारात येऊ दिलेलं नाही, आणि तू म्हणतोस, "मी एवढी सहानुभूती दाखवली बाय, आता त्याचं तोंड बघणार नाय." तुझं ठीक आहे रं. तू रागावून नाक्यावर चहा प्यायला जाशील. तो रागावून कुठे जाईल? भागूबाई म्हणते, तो भिंतीकडे तोंड करून असतो, पनवेलच्या वाचा शिकवणाऱ्या बाईंपुढेही तोंड उघडत नाही, आणि पौषात सामने आले की तो कान झाकून बसेल. मला त्याचीच भीती वाटते. नागू गप्प राहिला तर कायमचा गप्प राहील, आणि तूही त्याच्या मागोमाग.

आता या दुखण्यावरचं औषध मला इंग्लंडात कसं सापडलं ते ऐक. सानवीला शाळेतून आणायचं काम माझ्याकडे आहे. एक दिवस तिच्या बाई दारात माझ्याशी काहीतरी बोलल्या. मला त्यातलं "सानवी" कळलं आणि "यमपथी" कळलं. यमाच्या वाटेला माझी नात? घरी येईपर्यंत मी तिच्या कपाळाला तीनदा हात लावून बघितला. हर्षला म्हणाली, "आई, यमपथी नाही, एम्पथी. या महिन्यात शाळेत सगळ्यांना एम्पथी देतायत." मग माझा जीव जरा खाली आला. म्हटलं, असं सांग की, आपल्याकडे अ‍ॅलोपथी आहे, होमिओपथी आहे, तशी ही इकडची एम्पथी. मी विचारलं, "दिवसातून किती वेळा घ्यायची? जेवणाआधी का नंतर? बाळाला चाललं तर त्यालाही अर्धी देऊ." हर्षला पोट धरून हसली, तिचे टाके ताणले गेले, आणि जावई मलाच रागावले. मग तिने सांगितलं की अशा दोन पथ्या असतात, एक सिंपथी आणि दुसरी एम्पथी. एकीला आपल्यात सहानुभूती म्हणतात आणि दुसरीला समानुभूती. मी म्हटलं, दोन्हींत "भूती" आहे, फरक काय तो सांग. तर म्हणाली, "सानवीच्या वर्गातल्या उंदराचं ऐक."

गजा, तुला पटणार नाही, पण इकडे लोक उंदीर पाळतात. आपण कणगीपाशी औषध घालतो आणि हे त्याला पिंजऱ्यात झुला टांगून देतात, नाव ठेवतात, बिस्कीट घालतात. तर सानवीच्या वर्गातल्या एका मुलाचा उंदीर मेला. मुलगा कोपऱ्यात बसला. सगळी पोरं लांबून "ऑ, ऑ" करून गेली. (हे इकडचं "अरेरे". तोंड तसंच वाकडं करतात, मान तशीच हलवतात, मला फार घरच्यासारखं वाटलं.) हर्षला म्हणाली, ही झाली सिंपथी. तुझं वाईट झालं याचं मला वाईट वाटतं, पण मी इथे आणि तू तिथे. वाईट वाटतं ते खोटं नसतं हो, अगदी खरं असतं. त्यातूनच माणूस मदतीला पळतो. पण ते दुःख माझं असतं, तुझ्याबद्दलचं. तुझं तुला काय होतंय ते त्यात अजून आलेलंच नसतं.

आपली सानवी "ऑ" म्हणून थांबली नाही. तिने विचार केला, मला रडू आलं की मला काय आवडतं? तर आजीने गुदगुल्या केलेल्या आवडतात. म्हणून तिने जाऊन त्या मुलाला गुदगुल्या केल्या. त्याने तिला बोचकारलं. त्यावरच तिच्या बाई माझ्याशी बोलत होत्या! बाईंनी सानवीला समजावलं, की त्याच्या जागी तू असतीस तर तुला काय हवं होतं, हे शोधून काढलंस ते निम्मंच झालं. कारण त्याच्या जागी तू गेलीस ती सानवीच म्हणून गेलीस, आपल्या गुदगुल्या बरोबर घेऊन. आता असं बघ की तो, तोच असताना, त्याच्या उंदरासकट, त्याला काय होत असेल. आणि ते नुसतं मनात ठरवू नको, त्याला विचार, आणि तो सांगेपर्यंत थांब. सानवीने दुसऱ्या दिवशी विचारलं, तुझा उंदीर काय खायचा? तो मुलगा जेवणाची सुट्टी संपेपर्यंत बोलत होता. उंदीर सूर्यफुलाच्या बिया गालात साठवून ठेवायचा. सानवीने मलाही गाल फुगवून दाखवलं.

मी हर्षलाला म्हटलं, हे काही जमायचं नाही मला. उंदीर मेला याचं मला काडीचं दुःख होणार नाही, उलट मी नारळ फोडीन. ती म्हणाली, "आई, उंदराचं दुःख करूच नको. आपला ढवळ्या बैल गेला तेव्हा तू दोन दिवस जेवली नव्हतीस ना? ते आठवलं की त्या मुलाच्या घशात काय अडकलंय त्याचा अंदाज येतो. अंदाजच फक्त. मग त्याला विचारायचं, आणि चुकलं तर अंदाज बदलायचा." गजा, हे मात्र मला एकदम पटलं, कारण ढवळ्या गेला तेव्हा तू म्हणाला होतास, "बाय, निदान म्हातारा तरी होता." तुझ्या त्या "निदान"चा मला अजून राग आहे. दुसऱ्याच्या दुःखावर आपण निदान घातलं की तो गप्प होतो. आपल्याला वाटतं बरं वाटलं त्याला. त्याला कळलेलं असतं की याला पुढचं ऐकायचं नाही.

मैनाचंही सांगते, पण हा भाग तिला वाचून दाखवू नकोस. मैना नागूकडे जाते आणि एवढी रडते की भागूबाई आपलं सोडून तिला पाणी देते, पाठ चोळते. मी म्हटलं, हीच का ती एम्पथी? दुसऱ्याचं दुःख तर हिला स्वतःच्यासारखंच होतं. हर्षला म्हणाली, नाही, आणि बाळाकडे बोट दाखवलं. सानवी पडून रडली की आमचं बाळही भोकाड पसरतं. त्याला सानवीचं काय कळतं? काही नाही. ती रडण्याची लागण आहे, जांभईसारखी. दुसऱ्याचं दुःख लागलं आणि आपण त्यात एवढे बुडालो की आपल्यालाच बाहेर काढायला माणूस लागलं, तर तिसरीच पथी झाली. मी तिचं नाव बुडपथी ठेवलंय. खऱ्या एम्पथीत त्याला काय होतंय ते आत लागतंही आणि कळतंही, पण हे त्याचं, माझं नव्हे, हे भान सुटत नाही. म्हणून तर हात मोकळे राहतात.

इथपर्यंत मला डोक्याने कळलं होतं. पोटात उतरलं ते मागल्या बुधवारी. इथे आजीबायांची एक बैठक असते, चहा, बिस्किटं आणि गरम सूप देतात. हर्षला मला घेऊन गेली. गजा, लोधिवलीत मी तोंड उघडलं की बाजार गप्प होतो हे तू जाणतोस. इथे माझ्या पोटात एवढे शब्द, आणि ओठावर एकही नाही! बाया माझ्याकडे बघून "ऑ" म्हणाल्या. एकीने मला मी बहिरी असल्यासारखं कानाशी येऊन ओरडून नाव विचारलं. दुसरीने मला सोडून हर्षलाला विचारलं, हिला साखर चालते का? मी समोर बसलेले, गजा! साखर मला चालते का हे माझ्या पोरीला विचारतात! तिसरीने माझा हात थोपटला आणि तो बराच वेळ सोडलाच नाही, मला नाक खाजवायचं होतं. सगळ्या चांगल्या होत्या रं. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. आणि मला तो सूपाचा वाडगा भिंतीवर मारावासा वाटला. मग मला एकदम नागूचा तांब्या दिसला. उडत जाणारा.

शेजारी एक गोरी म्हातारी होती. ती "ऑ" म्हणाली नाही. तिने माझ्या वाडग्याकडे बोट दाखवून भुवई वर केली, म्हणजे कसं आहे? आणि ती थांबली. मी शब्द शोधत होते तर तिने मधेच आपला शब्द माझ्या तोंडात कोंबला नाही, घड्याळ बघितलं नाही, हर्षलाकडे बघितलं नाही. शेवटी मी म्हटलं, "सॉल्ट. नो." ती इतकी हसली की तिचे दात हलले. म्हणाली, यस, यस! आणि उठून मीठ आणलं, माझ्या वाडग्यात घातलं, आणि स्वतःच्याही घातलं. आमची तेवढ्यावर मैत्री झाली. मी बुधवारची वाट बघते आता.

पण इथे मी सानवीची गुदगुल्यांची चूक करत नाही, बरं का. माझं आणि नागूचं एकच असं मी म्हणत नाही. माझं तोंड घरी आलं की सुटतं आणि झोपेपर्यंत मिटत नाही. नागूचं भागूबाईपुढेही सुटत नाही. मला फक्त उंबऱ्यावरून आत डोकावता आलं. आतलं त्याचं त्यालाच विचारावं लागणार.

तेव्हा तू त्याच्याकडे गेलास की काय करतोस ते सांगते, भागूबाईने सांगितलेलं. तू त्याच्याशी मोठ्याने, तुकडे तुकडे करून बोलतोस, "ना-गू, जे-व-लास का?" त्याचा कान गेला नाही रं, वाचा गेली आहे. त्याचं उत्तर यायच्या आत भागूबाईला विचारतोस. त्याने "च" म्हटलं की तू "चहा? चटई? चप्पल?" करत सुटतोस. त्याला कदाचित "चालता हो" म्हणायचं असेल. तू बसलास की आधी उसासा टाकतोस आणि म्हणतोस, "काय होतास रं तू!" होतास! अरे, तो खाटेवर बसलाय.

आणि सगळ्यात मोठं. तुझा तो रनआउट. (हर्षला म्हणते, पत्र दुसऱ्याच्या हाती पडलं तर कळायला हवं, म्हणून लिहिते: तुम्ही पोरसवदा होतात, खालापूरच्या संघाशी अंतिम सामना, एक धाव हवी, नागू पंच, आणि त्याने सख्ख्या मित्राला बाद दिलं.) बॅट रेषेच्या आत होती का बाहेर, यावर तुम्ही दोघे दर दिवाळीला भांडत आलात. फराळाची ताटं मधे ठेवून रांगोळीवर रेषा आखता, करंजीचा चेंडू करता, मैना आणि भागूबाई वैतागतात. आणि या दिवाळीला तू त्याच्या हातावर हात ठेवून म्हणालास, "जाऊ दे नागू, मी आउटच होतो."

मला हे भागूबाईने सांगितलं तेव्हा माझ्या हातातली बाळाची दुपटी खाली पडली. तुला वाटलं तू त्याला खूश केलंस. गजा, जिवंत माणसाशी आपण भांडतो. न भांडता हार आपण कोणापुढे मानतो? मेलेल्यापुढे. जैतूने फ्लेक्सवर घातला तो हार चुकून घातला. हा तू हाताने घातलास. मला वाटतं त्याने तांब्या फेकला तो या हारासाठी, फ्लेक्ससाठी नव्हे. (हाही माझा अंदाज. बरोबर की चूक ते नागू सांगेल.)

सहानुभूतीच्या नावातच "सह" आहे असं हर्षला म्हणते, म्हणजे बरोबर. पण आपल्याकडे ती भाषणात आणि फ्लेक्सवर राहून राहून वर चढून बसली आहे. तुझ्या फ्लेक्सवर तू वर होतास आणि तो खाली. तुझी सिंपथी टाकून दे असं मी म्हणत नाही. ती नसती तर गाडी पनवेलला पोहोचली नसती, आणि नागू आज तांब्या फेकायलाही नसता. पण ती तुला त्याच्या दारापर्यंत नेते. दारातून आत जायला दुसरी लागते. आत गेलास की खाली बस, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला. एका वेळी एकच गोष्ट विचार, हो-नाहीत उत्तर देता येईल अशी. मग गप्प बस. तुला गप्प बसणं म्हणजे भात लावण्याहून कष्टाचं, पण बस. शब्द अडकला तर अडकू दे, तो त्याचा आहे, त्याला आणू दे. आणि त्याचा राग आला तर येऊ दे तुला. मित्राचा राग येणं बरं असतं.

चल, बाळ उठलं. वारा की हसू ते बघायला जाते. मैनाला, म्हशीला, आणि आपल्या वाडीतल्या फणसाला माझी आठवण सांग. सानवी तुला पापा देते, तिच्या पडलेल्या दातांसकट.

तुझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी आणि ते कधी विसरू न देणारी,
जयवंता

ता. क. नागूसाठी मी इथून एक लोकरीची कानटोपी पाठवते आहे. त्याला हवी का ते मी विचारलं नाही. हर्षला म्हणाली, आई, ही तुझी गुदगुली झाली. असू दे. त्याला नको असेल तर तू घाल.

ता. क. फ्लेक्सची काळजी करू नकोस. भागूबाईने तो पेंढ्यावर झाकलाय, छापील बाजू आत. फक्त वारा सुटला की एक कोपरा उलटतो आणि तुझा काळा चष्मा तेवढा दिसतो. नागू त्याच्याकडे बघून हसतो म्हणे. झटक्यानंतर पहिल्यांदा हसला तो असाच.

ता. क. आता खरं सांगते. कालच मी नागूला व्हिडिओ लावला, आणि वर जे एवढं शहाणपण लिहिलंय ते सगळं विसरून पहिला शब्द "अरेरे" काढला आणि रडले. त्याने डोळे मिटून घेतले. भागूबाईने फोन छपराकडे वळवला, बराच वेळ मी कौलंच बघत होते. मग सानवीने फोन हिसकला, गाल फुगवून उंदीर दाखवला आणि इंग्रजीत काहीतरी विचारलं. नागूला एक अक्षर कळलं नाही, तिलाही त्याचं कळेना. दोघं अगदी बरोबरीची. नागूने डोळे उघडले. तेव्हा मी नाक पुसलं आणि एकेक विचारायला लागले. पौषातले सामने बघायला येशील? मान नाही. माईकपाशी बसशील? बराच वेळ काही नाही. मी जीभ दाताखाली धरून थांबले. मग हळूच मान हो. बोलायला गजा चालेल? त्याने कारलं चावल्यासारखं तोंड केलं, पण मान हो. खूण तो करणार, बोलणार तू. असं ठरलंय, तुला न विचारता, कारण तुझं उत्तर मला माहीत आहे.

मग शेवटचं मी जरा पदरचं घातलं. म्हटलं, "नागू, गजा काल मला म्हणत होता, मी तेव्हा उगाच हो म्हटलं. बॅट आत होती. मी आउट नव्हतोच." नागू ताठ झाला. डावा हात उचलला. तोंड हललं, बंद झालं, परत हललं. भागूबाई काही बोलणार तर मी तिला खुणेनं गप्प केलं. कोणी मधे शब्द घातला नाही. आणि मग पडवी हादरली असं भागूबाई म्हणते, डर्बीत तर बाळ जागं झालं, एवढ्या मोठ्याने नागू बोलला,

"आउट!"

बोट वर करून, गजा. पंचासारखं.

तेव्हा रविवारी सकाळी जा. शहाळं नको, हार नको. बॅट घेऊन जा, आणि दारातूनच ओरड, की नव्हतो.